पहाटेच्या स्वप्नातले बाळ

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका बावन्न वर्षांच्या बाईंना गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे स्वप्न पडले. संत्र्यांच्या पेटीत, वाळलेल्या गवतावर एक तान्हे बाळ ठेवलेले होते. ते त्यांचेच होते आणि दोन दिवस त्याला दूध पाजायचे राहून गेले होते. पाळी थांबून तीन वर्षे झाली असली, तरी पहाटेचे स्वप्न खरे होते या समजुतीने त्या धास्तावल्या.

पहाटेच्या स्वप्नाला मान मिळण्याचे कारण साधे आहे. झोपेची आवर्तने साधारण नव्वद मिनिटांची असतात. डोळ्यांची जलद हालचाल होणारा टप्पा, म्हणजे रेम झोप, 1953 मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी नोंदवला. हा टप्पा रात्रीच्या आरंभी काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. ठळक स्वप्ने बहुधा त्यातच पडतात आणि त्यातूनच जाग आली तर लक्षात राहतात. खरी न ठरलेली स्वप्ने मात्र कोणी मोजत नाही.

मला कुतूहल आहे ते बाळाच्या चित्राचे. रेम झोपेत मेंदूला सावध ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनलिन या रसायनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो, तर्क तपासणारा कपाळामागचा भाग मंदावतो आणि भावनांशी निगडित अमिग्डाला मात्र जोमात असतो. अशा वेळी दूरच्या आठवणी एकमेकींना सहज जोडल्या जातात आणि त्यांना हटकणारे कोणी नसते. स्वप्नसंशोधक अर्नेस्ट हार्टमन यांचे म्हणणे असे की, मनात प्रबळ असलेली भावना या सैल जाळ्यातून आपले चित्र शोधते. ‘एक नाजूक गोष्ट माझ्या भरवशावर आहे’ या भावनेला तान्ह्या बाळाहून चपखल चित्र कोणते? मराठीतही धंदा ‘बाळसे धरतो’.

त्या बाईंनी आदल्या सोमवारी संत्रा बर्फीच्या दुकानासाठी गाळ्याच्या करारावर सही केली होती आणि कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांच्या पहिल्या पेट्याही त्याच दिवशी आल्या होत्या. दिवसातले प्रसंग स्वप्नात एकदोन रात्रींत उमटतात आणि पुन्हा पाच ते सात दिवसांनी डोकावतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. सोमवार ते रविवार हे अंतर त्यात बसते. अर्थात एका स्वप्नाने काही सिद्ध होत नाही.

बाळ म्हणजे नवी सुरुवात, असा कोश करणेही स्वप्नफळाच्या पुस्तकाइतकेच पोकळ आहे. गर्भपाताच्या दुःखातून जाणाऱ्या स्त्रीला तेच बाळ दिसले, तर ते गमावलेलेच बाळ असू शकते. पाळी चुकली असेल, तर उत्तर तपासणीच्या पट्टीवर मिळते, स्वप्नात नाही. चित्रापेक्षा जाग येतानाची भावना विचारावी, म्हणून मी बाईंना तेच विचारले. आनंद मुळीच नव्हता, त्या म्हणाल्या, काहीतरी विसरल्याची धडकी होती. आणि मग त्यांना आठवले की अन्न परवान्याचा अर्ज दोन दिवसांपासून टेबलाच्या खणात तसाच पडून होता.