आकड्यांत नसलेला पिवळा पट्टा

0 पासून 100 पर्यंत अगदी एकसारख्या गतीने वाढत जाणाऱ्या संख्यांची रांग घेतली आणि ती निळा, आकाशी, हिरवा, पिवळा, तांबडा अशा इंद्रधनुषी रंगांत रंगवली, तर वाचणाऱ्याला एकसंध चढ दिसत नाही. आधी गडद निळा भाग, मग एकदम उजळलेली आकाशी कड, त्यानंतर बराच वेळ न बदलणारा हिरवा पट्टा, पुढे झळाळणारी पिवळी रेघ आणि अखेरीस तांबड्याकडे झालेली घसरण, असे तुकडे दिसतात. मूळ आकड्यांत यांपैकी एकही कड नाही. समुद्राच्या तापमानाच्या नकाशात अशी पिवळी रेघ दिसली, तर पाहणारा तिला उष्ण आणि थंड पाण्याची सीमा समजेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

शास्त्रीय आलेखांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या अशा रंगपट्टीचे नाव ‘जेट’ आहे. खगोलभौतिकीतील प्रवाही पदार्थाच्या झोताच्या एका संगणकीय प्रतिरूपाशी तिचा संबंध असल्याने हे नाव पडले. मॅटलॅब या प्रणालीत 2014 पर्यंत आणि मॅटप्लॉटलिब या पायथॉन ग्रंथालयात 2017 च्या सुरुवातीपर्यंत, वापरणाऱ्याने काही निवडले नाही तर हीच पट्टी आपोआप लागू होत असे. असंख्य प्रबंधांतले नकाशे इंद्रधनुषी दिसतात, त्यामागे लेखकांनी विचारपूर्वक केलेल्या निवडीपेक्षा हे आपोआप लागू होणेच अधिक कारणीभूत असावे, असे मला वाटते.

फसगत नेमकी कोठे होते, हे समजण्यासाठी रंगाचे दोन गुण वेगळे करावे लागतात: रंग कोणता आहे, आणि तो किती उजळ आहे. बारीक तपशील, उंचवटे आणि आकार ओळखताना आपली दृष्टी मुख्यतः उजळपणातील फरकांवर विसंबते. केवळ रंग बदलला आणि उजळपणा तोच राहिला, तर बारीक रेषा पुसट होतात. शिवाय उजळपणाला उपजत क्रम आहे. करड्या रंगाचे पाच तुकडे कोणालाही दिले तरी तो ते गडदपासून फिकटापर्यंत विनासायास लावेल. हिरवा, तांबडा, पिवळा आणि निळा यांत मोठा कोण, याचे उत्तर मात्र डोळ्यांना ठाऊक नसते. त्यासाठी दर वेळी बाजूच्या सूचीकडे पाहावे लागते.

उजळपणा मोजण्यासाठी 1976 साली ठरवलेली एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, जिच्यात काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 100 गुण असतात. मॅटप्लॉटलिबमधील जेट तिच्यावर तपासली, तर आपल्या रांगेतील 37 ते 50 या मूल्यांचे रंग आकाशीपासून हिरव्यापर्यंत जातात, पण त्यांचा उजळपणा सुमारे 90 वर जवळपास खिळलेला राहतो. उलट 64 ते 89 या टप्प्यात तो सुमारे 96 वरून 54 पर्यंत कोसळतो. म्हणजे पहिल्या टप्प्यातील खरे चढउतार दबून जातात आणि दुसऱ्या टप्प्यातील तेवढेच चढउतार फुगवून दाखवले जातात. याहून गंभीर बाब अशी की 25 या मूल्याचा निळा आणि 89 या मूल्याचा तांबडा, या दोघांचाही उजळपणा 54 च्या आसपास येतो. तो नकाशा कृष्णधवल छापला, तर थंड आणि उष्ण प्रदेश एकाच करड्या रंगात मिसळून जातात.

हा दोष स्वतःच्या पडद्यावर पाहता येतो. ऑस्ट्रेलियातील पीटर कोवेसी यांनी 2015 मध्ये एक सुटसुटीत चाचणी सुचवली: सरळ चढावर बारीक लाटा बसवायच्या आणि उभ्या दिशेने, एका कडेकडून दुसरीकडे, त्यांची उंची वाढवत न्यायची. त्याच कल्पनेचा छोटा नमुना असा:

```
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt
x = np.linspace(0, 100, 1000)
y = np.linspace(0, 1, 200)[:, None]
z = x + 5 * y**2 * np.sin(2 * np.pi * x / 4)
plt.imshow(z, aspect='auto', cmap='jet')
plt.show()
```

लाटा डावीकडून उजवीकडे सर्वत्र सारख्याच उंचीच्या आहेत, तरीही जेटमध्ये त्या हिरव्या भागात पुसट होतात आणि इतरत्र ठसठशीत दिसतात. `'jet'` च्या जागी `'viridis'` लिहिले की त्या सर्व रुंदीभर जवळपास सारख्याच दिसू लागतात.

विरिडिस ही रंगपट्टी स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनिएल स्मिथ यांनी 2015 मध्ये मांडली, आणि मॅटप्लॉटलिबने जेट सोडली तेव्हा तिच्या जागी हीच आणली. गडद जांभळ्यापासून निळसर हिरव्यावरून ती पिवळ्यापर्यंत जाते आणि तिचा उजळपणा सुमारे 15 पासून 90 पर्यंत कोठेही न थांबता, न वळता वाढतो. आकड्यांतील समान अंतर डोळ्यांना समान अंतरच वाटावे, अशा हिशेबाने तिचे रंग निवडलेले आहेत. जेटमध्ये एकरूप झालेली 25 आणि 89 ही मूल्ये येथे अनुक्रमे सुमारे 36 आणि 83 उजळपणावर येतात. कृष्णधवल छपाईतही त्यांची गल्लत होत नाही. तांबडा आणि हिरवा यांत फरक न करू शकणाऱ्यांनाही, म्हणजे उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर शंभरांत सुमारे आठ जणांना, ती वाचता येते. याच गरजेसाठी पुढे 2018 मध्ये निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी सिव्हिडिस बनवली गेली, आणि फाबियो क्रामेरी यांची बॅटलो ही पट्टी भूशास्त्रात रुळली.

रंगांची निवड निदानापर्यंत कशी पोहोचते, हे हार्वर्डमधील मिशेल बॉर्किन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीवर रक्तप्रवाहाचा घर्षणताण जेथे कमी पडतो, तेथे चरबीचे थर साचण्याचा धोका अधिक असतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांना अशा जागा शोधण्यास सांगितले, तेव्हा त्रिमितीय धमनी आणि इंद्रधनुषी रंग असताना त्यांना सरासरी 39 टक्केच जागा सापडल्या. चित्र तेच ठेवून केवळ रंगपट्टी बदलली तेव्हा 71 टक्के सापडल्या. धमनी सपाट उलगडून दाखवल्यावर इंद्रधनुषी रंगांत 62 टक्के, आणि बदललेल्या रंगांत 91 टक्के सापडल्या. येथे यशस्वी ठरलेली पट्टी विरिडिसच्या जातीची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. ती मध्यापासून दोन बाजूंना दोन दिशांनी जाणारी, म्हणजे द्विदिश होती.

इंद्रधनुष्याच्या बाजूनेही एक प्रामाणिक गोष्ट आहे. कॉलिन वेअर यांनी 1988 मध्ये दाखवले की एखाद्या बिंदूचे नेमके मूल्य सूचीशी ताडून वाचायचे असेल, तर अनेक रंगांची पट्टी करड्या पट्टीपेक्षा कमी चुका होऊ देते. आकार ओळखताना मात्र करडी पट्टी सरस ठरते. तसेच मुंबईकरांना पावसाळ्यात परिचित असलेला यलो, ऑरेंज किंवा रेड अलर्ट हा सलग मूल्यांचा नकाशा नसून मोजक्या वर्गांची खूण आहे. तेथे रंगांत ठळक सीमा असणेच योग्य, कारण वर्गांत सीमा खरोखर आहे.

द्विदिश पट्टी वापरताना मात्र एक चूक फार सहज होते. पावसाची सरासरीपासूनची तफावत उणे 20 ते अधिक 60 टक्के असेल आणि टोके आपोआप ठरू दिली, तर पट्टीचा पांढरा मध्य शून्यावर न पडता अधिक 20 वर पडतो, आणि 10 टक्के जादा पाऊस झालेला तालुका तुटीच्या रंगात दिसू लागतो. त्यामुळे `vmin=-60, vmax=60` अशी दोन्ही टोके स्वतः समान अंतरावर ठेवावीत. तुटीच्या बाजूचे गडद रंग त्यामुळे न वापरता राहिले, तरी ते योग्यच आहे. तेवढी तूट कोठेही पडलेली नाही.