दुपारी चार वाजताचा टेस्टोस्टेरॉन रिपोर्ट बघून घाबरू नका

आमचा चुलत दादा मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे, वय अडतीस. एप्रिलपासून सारखा गळून गेल्यासारखा, चिडचिड, जेवणात लक्ष नाही, कुणाशी धड बोलणं नाही, मग कुणीतरी सांगितलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासून घे. तो रात्रभर समुद्रात जाळी ओढून आला, तीन तास झोपला, भात-आमटी जेवला आणि दुपारी चार वाजता लॅबमध्ये रक्त देऊन आला, त्यात आठवड्यापूर्वीच ताप येऊन गेलेला. रिपोर्ट आला २४८. लॅबची खालची मर्यादा ३०० च्या आसपास, म्हणजे कमी, आणि लगेच इंजेक्शन घ्यायच्या गोष्टी सुरू.

मी त्याला आधी एकच विचारलं, दादा, शरीरसंबंधांची इच्छा कमी झालीय का, आणि सकाळी उठताना ताठरपणा येतो का? तो लाजला, पण म्हणाला, झोप झाली त्या दिवशी येतो की. माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याच उत्तराला द्यायला हवं. थकवा, उदासपणा, लक्ष न लागणं हे खऱ्या कमतरतेत आणि नुसत्या दमणुकीत किंवा मन खचल्यावरही सारखंच दिसतं, त्यावरून काहीच ठरत नाही. खरी कमतरता असेल तर बहुतेक वेळा इच्छाच मावळते, सकाळचा ताठरपणा जातो, काहींची दाढी-अंगावरचे केस विरळ होतात. नुसती दमणूक किंवा मन खचलेलं असेल तर झोप, सुट्टी मिळाली की थोडं तरी उजाडतं. अर्थात डिप्रेशनमध्येही इच्छा जाते, म्हणून नुसत्या लक्षणांवर थांबता येत नाही, रक्त लागतंच.

आणि रक्त कधी, तर सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, रात्रीची झोप नीट झाल्यावर. हे हार्मोन झोपेत वाढतं आणि सकाळी सर्वांत जास्त असतं, तिशी-चाळिशीत दुपारी चारपर्यंत ते साधारण पाव भागाने उतरलेलं असतं, म्हातारपणी हा फरक कमी होतो. जेवणाने आणखी खाली जातं, आजारपणात तर जातंच. दादाने चारही चुका एकत्र केल्या होत्या.

१ जूनला मासेमारी बंदी लागली. दोन आठवडे तो रात्री घरी झोपला आणि मग सकाळी साडेसातला उपाशीपोटी सँपल दिलं, ४१२ आलं. हाही कमी आला असता तरी एकाच रिपोर्टवर निदान होत नाही, आणखी एखाद्या वेगळ्या दिवशी सकाळी परत तपासतात आणि तेव्हाही कमी आलं तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीतून येणारी हार्मोन्स बघून दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत ते शोधतात.

इंजेक्शनची घाई मला यासाठीच नको होती, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी वृषणाला इशारा द्यायची थांबते आणि शुक्राणू बनणं कमी होतं, कधी बंदच पडतं. दादा-वहिनीला अजून दुसरं मूल हवंय. डॉक्टरांनी आता त्याचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांगितलंय, आणि बोटीवरच्या कर्जाबद्दल तो वहिनीशी पहिल्यांदाच मोकळं बोललाय.