अवघड क्षेत्र: गुरुजी वाडीवर का टिकत नाहीत?

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. मूल शाळेत आणायची सक्ती झाली. पण गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या वाडीवर गुरुजींना मुक्कामाला ठेवायचं कसं, हा प्रश्न मागे राहिला तो आजतागायत.

जिल्हा परिषदा 1962 साली आल्या आणि शिक्षकांच्या बदल्या जिल्ह्याच्या हाती गेल्या. पुढची कैक वर्षं बदलीसाठी ओळखीपाळखी चालत, आणि ज्याच्या मागे कुणी नाही तो डोंगरात अडकून पडे. फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन केल्या आणि गावांची ‘अवघड’ व ‘सर्वसाधारण’ अशी विभागणी केली. अवघड क्षेत्रात 3 वर्षं काढली की शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’ होतो. 2021 च्या सुधारित धोरणातही ही तरतूद राहिली. मोठा अन्याय त्यामुळे दूर झाला, हे मी मनापासून मान्य करतो. तरी या व्यवस्थेत डोंगरातल्या नोकरीचा मुख्य मोबदला म्हणजे तिथून निघायचा हक्क. गुरुजींना वाडीतल्या पोरांची बोली कळायला लागते, पालक विश्वासाने बोलायला लागतात, आणि तेवढ्यात अर्ज भरायची वेळ येते.

राहणाऱ्याला काही जादा मिळतं का? आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागांसाठी 2002 पासून प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी आहे. कोल्हापूरचा डोंगरी पट्टा त्यात बसत नाही.

घराचंच बघा. सातव्या वेतन आयोगात खेड्यातला घरभाडे भत्ता सुरुवातीला मूळ वेतनाच्या 8 टक्के ठरला. मूळ वेतन 40,000 धरलं तर महिन्याला 3,200 रुपये. पण रक्कम असून भागत नाही, कारण दहा-पंधरा उंबऱ्यांच्या वाडीत भाड्याने द्यायला खोलीच नसते. शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच राहतो, असा ग्रामसभेचा ठराव मात्र 2019 पासून मागितला जातो. मग कागदावर मुक्काम वाडीत आणि संसार कोल्हापुरात. रोज कळे, साळवणमार्गे पन्नासेक किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की ती वाटही बंद. ठराव मागण्याआधी शाळेशेजारी दोन खोल्या बांधल्या असत्या, तर हा प्रश्न निम्मा सुटला असता.

कामाचा भार द्विशिक्षकी शाळेत खरा कळतो. एक गुरुजी आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात, शिवाय पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती. रेंज नाही म्हणून ती भरायला खाली गावात उतरावं लागतं. गुरुजी नसतील त्या दिवशी त्यांच्या जागी जाणारा शिक्षक केंद्रावर तयार ठेवावा, ही मागणी यातूनच येते.

तीन वर्षं पुरी होऊनही एखादी बाई किंवा गुरुजी स्वखुशीने वाडीवर थांबतात. त्या थांबण्याला बदलीच्या पोर्टलवर एवढाच अर्थ आहे: अर्ज भरला नाही. वेतनवाढीत किंवा पदोन्नतीत त्या वर्षांचं वजन धरायची तरतूद अजून व्हायची आहे.