सिंगल बारला लटकायचं किती सेकंद?

बीड, परभणी, लातूर, कुठल्याही गावच्या मैदानावर पहाटे जा, भरतीची तयारी करणारी पोरं सिंगल बारपाशी दिसतीलच. पुलअप्सच्या आधी नुसतं लटकून कोण जास्त टिकतं, याची पैज लागलेली असते. नुसतं लटकणं पकडीला आणि आखडलेल्या खांद्याला चांगलंच, पण पैजेतले सेकंद तुमच्या कामाचे नाहीत.

लटकताना बहुधा खांद्याआधी पकड सुटते. बोटं मिटवणारे मोठे स्नायू पंजात नसून मनगट आणि कोपर यांच्या मधे असतात. ते आवळले की त्यांच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. स्नायू आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून बराच जास्त जोर लावत असेल, तर रक्तपुरवठा जवळपास बंद पडतो आणि मिनिटाच्या आतच बोटं उलगडू लागतात. जोर कमी केला की टिकण्याची वेळ झपाट्याने वाढते. म्हणून किती सेकंद हे विचारण्याआधी हातांवर किती किलो येतात ते बघावं.

समजा, पंचेचाळिशीचे 72 किलोचे एक मास्तर आहेत. पूर्ण लटकले तर एकेका हातावर 36 किलो येणार. त्यांनी पाय टेकून हात पोचेल असा बार धरावा, खाली वजनकाटा ठेवून त्यावर उभं राहावं आणि गुडघे वाकवत भार हातांवर सोडावा. काटा 40 दाखवतो तेव्हा हातांवर 32, म्हणजे एका हाताला 16 किलो. असं 15 ते 20 सेकंद, मधे दोनेक मिनिटं थांबून चार वेळा, दिवसाआड. चौथ्या खेपेलाही बोटं घसरत नसतील, तर पुढच्या आठवड्यात काटा 35 वर आणावा. पाय पूर्ण सुटले की एका खेपेला अर्धा मिनिट पुष्कळ झाला, असं माझं मत.

खांद्याचं काय होतं? हात वर गेला की खांद्याचं पातं फिरतं आणि काखेपासून कमरेपर्यंतचा पाठीचा रुंद स्नायू ताणला जातो. दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याला याने हात वर नेणं सोपं जातं. लटकल्याने खांद्याच्या हाडाचा आकारच बदलतो, असाही दावा ऐकू येतो. त्याला पक्का पुरावा नाही.

काखेत आणि बरगडीच्या कडेला ताण जाणवला तर ठीक. खांद्याच्या टोकाशी चिमटा बसल्यासारखं दुखलं किंवा बोटांत मुंग्या आल्या तर पाय लगेच टेकवा. उडी मारून बार पकडू नका, कारण त्या झटक्यात खांद्यावर वजनापेक्षा जास्त भार येतो. खांदा पूर्वी निखळला असेल किंवा फ्रोजन शोल्डर असेल (मधुमेहींत तो जास्त आढळतो), तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना खांदा दाखवा.