पेट्रोलच्या दरातला टॅक्स : फळ्यावरची मांडणी

पेट्रोलमध्ये निम्म्याहून जास्त टॅक्सच असतो हे पोरांनी ऐकलेलं असतं, पण पंपाच्या पावतीवर फक्त दर, लिटर आणि एकूण रक्कम असते, टॅक्स वेगळा दिसतच नाही. म्हणून नाशिकमध्ये अकरावी कॉमर्सला हे शिकवताना सर फळ्यावर दिल्लीचा १६ फेब्रुवारी २०२१ चा दर घेतात, कारण तेल कंपन्या दिल्लीच्या दराची फोड जाहीर करतात आणि ती ताळा करून बघता येते.

त्या दिवशी लिटरला ८९.२९ रुपये. त्यात पेट्रोल वाहतुकीसकट ३२.१०, केंद्राची एक्साईज ३२.९०, पंपवाल्याचं कमिशन ३.६८ आणि राज्याचा व्हॅट २०.६१. दोन्ही टॅक्स मिळून ५३.५१, म्हणजे दराच्या ६० टक्के. इथे पोरं हमखास गोंधळतात, कारण मूळ ३२.१० शी तुलना केली तर हाच टॅक्स १६७ टक्के दिसतो, आकडे दोन्ही बरोबर, फक्त कशाचे टक्के ते आधी विचारायचं.

खरी गंमत व्हॅटमध्ये आहे. दिल्लीत तो ३० टक्के होता, पण तो फक्त पेट्रोलवर नाही, एक्साईज आणि कमिशन धरून जी ६८.६८ ची बेरीज होते तिच्यावर. म्हणजे २०.६१ मधले ९.८७ रुपये हे केंद्राच्या टॅक्सवर राज्याने लावलेला टॅक्स! केंद्राने एक्साईज वाढवली की राज्याने काही न करता त्याचाही गल्ला वाढतो. ही बेरीज पोरांनी स्वतः करावी, नुसती ऐकून पटत नाही.

नाशिकला नियम वेगळा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अमरावती आणि औरंगाबाद सोडून बाकी महाराष्ट्रात तेव्हा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ठरलेले १०.१२ रुपये होते. टक्क्यातला भाग दराबरोबर वरखाली होतो, १०.१२ मात्र पेट्रोल कितीही स्वस्त झालं तरी तेवढेच. एक्साईजही तशीच लिटरमागे ठरलेली, म्हणून क्रूड पडलं की दरातला टॅक्सचा वाटा उलट वाढतो.

आणि केंद्राच्या ३२.९० मधून राज्यांना किती? वाटपात फक्त मूळ एक्साईज येते, ती १.४० होती. बाकीची सेस आणि विशेष जादा एक्साईज म्हणून केंद्राकडेच राहते, त्यामुळे केंद्राने टॅक्स घेतला तर राज्याला वाटा मिळतोच की, हे उत्तर इथे चालत नाही.

पुढे मे २०२२ मध्ये एक्साईज १९.९० वर आली, जुलै २०२२ मध्ये राज्याने १०.१२ चे ५.१२ केले, एप्रिल २०२५ मध्ये एक्साईज वाढून २१.९० झाली. या आकड्यांनी नाशिकचा शंभरच्या पुढचा दर फोडला तर टॅक्स निम्म्याच्या थोडा खाली येतो, त्यामुळे "निम्म्याहून जास्त" म्हणताना कुठल्या तारखेचा दर ते सांगावंच लागतं.