जाम कारेत

जाम कारेत : इंडोनेशियन भाषेतील वाक्प्रचार. शब्दशः अर्थ ‘रबरी घड्याळ’ किंवा ‘रबरी तास’. ठरलेली वेळ ताणली जाणे आणि ती तशी ताणली जाणार हे सर्वांनी गृहीत धरणे, असा त्याचा रूढ अर्थ आहे. यावरूनच बोलीभाषेत ‘ङारेत’ (उशीर लावणे) हे क्रियापद आले आहे.

‘जाम’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो पर्शियन ‘जाम’ (पेला) या शब्दापासून आला असून तळाला भोक पाडलेले भांडे पाण्यात बुडायला लागणाऱ्या वेळावरून काळ मोजण्याच्या पद्धतीशी, म्हणजे आपल्याकडील घटिकापात्राशी, त्याचा संबंध जोडला जातो. दुसऱ्या मतानुसार तो संस्कृत ‘याम’ (प्रहर) या शब्दाचे रूप होय. यात्रा-जत्रा या जोडीप्रमाणे य-काराचा ज-कार होणे भारतीय भाषांत सामान्य असल्याने दुसरे मत ध्वनिदृष्ट्या सुकर आहे. तथापि एका मताने दुसरे बाद होतेच असे नाही. ‘कारेत’ हा शब्द रबर आणि रबराचे झाड या दोहोंसाठी वापरतात. सुमात्रात रबराचे मळे विसाव्या शतकाच्या आरंभी पसरले. रबरी वस्तू घरोघरी परिचित झाल्यानंतरच ही लक्षणा रुजली असावी, त्यामुळे हा वाक्प्रचार बहुधा त्याच शतकातील मानणे सयुक्तिक ठरते. हीच लक्षणा कायद्याच्या भाषेतही आढळते : हवा तसा अर्थ लावता येणाऱ्या संदिग्ध कलमाला ‘पासाल कारेत’ (रबरी कलम) म्हणतात आणि 2008 च्या इलेक्ट्रॉनिक माहितीविषयक कायद्यातील बदनामीच्या कलमावर याच शब्दांत टीका झाली आहे.

वेळ कोठे ताणली जाते आणि कोठे नाही, हे लग्नसमारंभात स्पष्ट दिसते. मुस्लिम लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत ‘आकाद निकाह’ (विवाहविधी) आणि ‘रेसेप्सी’ (स्वागतसमारंभ) यांच्या वेळा स्वतंत्र दिलेल्या असतात. विधी सकाळी 8 ला असेल, तर तो सहसा फार लांबवता येत नाही, कारण विवाह नोंदवणाऱ्या पेंघुलूला सुटीच्या दिवशी एकाहून अधिक लग्ने उरकायची असतात. स्वागतसमारंभाची वेळ मात्र ‘11 ते 13’ किंवा ‘11 पासून संपेपर्यंत’ अशी छापतात. त्या अवधीत केव्हाही यावे, वधूवरांना भेटावे, जेवावे आणि निघावे. दुपारी साडेबाराला येणाऱ्याने येथे कोणताच संकेत मोडलेला नसतो. रमजानच्या महिन्यात तर तीच माणसे ‘इम्साकियाह’ या छापील वेळापत्रकातील मिनिटानुसार उपवास सोडतात. तेव्हा जाम कारेत म्हणजे घड्याळाविषयीची सरसकट बेफिकिरी, हा समज टिकत नाही.

वेळ खऱ्या अर्थाने ताणली जाते ती सभा आणि सरकारी कार्यक्रमांत. प्रमुख पाहुणा किंवा अधिकारी आल्याशिवाय कार्यक्रम सुरू करणे अनादराचे मानतात, त्यामुळे वाट पाहण्याचा भार कनिष्ठांवर पडतो. हा अनुभव असल्याने आयोजक नऊची सभा पत्रिकेत आठची लिहितात. निमंत्रितांना हे ठाऊक असल्याने तेही साडेनऊच्या बेताने निघतात आणि वेळेवर येणाऱ्याचाच वेळ वाया जातो. कौशिक बसू आणि यॉर्गेन वाइबुल या अर्थशास्त्रज्ञांनी वक्तशीरपणाची मांडणी अशाच परस्परावलंबी समतोलाच्या रूपात केली आहे : इतर उशिरा येणार असतील, तर आपणही उशिरा येणे प्रत्येकाला सोयीचे होते. त्यांचे विवेचन इंडोनेशियापुरते नसले, तरी या सवयीचा चिवटपणा त्यातून चांगला उलगडतो.

स्वभाव किंवा संस्कृती यांवर भर देणारी स्पष्टीकरणे अधिक प्रसिद्ध आहेत. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी एका वेळी एकच काम करणारे आणि एकाच वेळी अनेक कामे व नाती सांभाळणारे असे समाजांचे दोन प्रकार कल्पिले. इंडोनेशियाला सहसा दुसऱ्यात घालतात. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1966 मध्ये बालीच्या 210 दिवसांच्या पंचांगाच्या आधारे असे प्रतिपादले की, तेथे काळ किती गेला यापेक्षा तो कोणत्या प्रकारचा आहे हे महत्त्वाचे असते. त्याच शाखेतील मॉरिस ब्लॉक यांनी 1977 मध्ये यावर आक्षेप घेतला : विधींतील कालकल्पना म्हणजे शेती आणि रोजच्या व्यवहारातील कालकल्पना नव्हे. जाम कारेतच्या संदर्भात हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. शिवाय बालीवरून जकार्ताच्या कचेऱ्यांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हीन यांनी 31 देशांत पादचाऱ्यांची चाल, टपाल कर्मचाऱ्याला तिकीट विकायला लागणारा वेळ आणि बँकांतील घड्याळांचा अचूकपणा मोजला. वेगवान ते संथ अशा त्या क्रमवारीत इंडोनेशिया 30 व्या स्थानी आला. मात्र हे जीवनगतीचे मापन आहे, भेटीची वेळ पाळण्याचे नव्हे.

या शब्दप्रयोगाला वसाहतकालीन पार्श्वभूमीही आहे. मलय आणि जावानीज लोक जात्याच आळशी असतात, ही समजूत मळेवाल्या राजवटीच्या सोयीची होती, असे समाजशास्त्रज्ञ सैयद हुसेन अलातास यांनी 1977 मध्ये सप्रमाण दाखवले. आज मात्र हा शब्द प्रामुख्याने इंडोनेशियन लोकच स्वतःच्या कचेऱ्यांविषयी आणि नेत्यांविषयी तक्रारीच्या सुरात वापरतात. 2009 नंतर इग्नासियुस जोनान यांच्या कारकिर्दीत सरकारी रेल्वे कंपनीचा कारभार सुधारला आणि गाड्या वेळेवर धावू लागल्या, तसे प्रवासीही वेळेवर स्थानकात पोचू लागले.