युनिटविक्रीतील 'प्रथम आवक, प्रथम जावक' पद्धत

म्युच्युअल फंडातील काही युनिट विकल्यावर ती नेमकी कोणत्या खरेदीतील होती, हे ठरवून भांडवली नफा काढण्याची रीत. सर्वांत जुन्या खरेदीतील शिल्लक युनिट प्रथम विकली गेली असे तीत धरतात. व्यवहारात तिला 'फिफो' म्हणतात. एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतंत्र खरेदी समजला जातो आणि त्याची धारणमुदत त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजतात.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचा माल गेल्यावर एप्रिलमध्ये हाती आलेली रक्कम फंडात ठेवून ऑक्टोबर छाटणीच्या खर्चासाठी त्यातील काही काढणाऱ्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. त्याने एका इक्विटी योजनेची २०० युनिट एप्रिल २०२३ मध्ये ५० रुपयांनी आणि १०० युनिट एप्रिल २०२५ मध्ये ६० रुपयांनी घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २५० युनिट ७० रुपयांनी विकली. जुनी २०० युनिट आधी संपतात आणि त्यांवरील ४,००० रुपये, बारा महिन्यांहून अधिक काळ धरल्यामुळे, दीर्घकालीन नफा ठरतात. उरलेली ५० युनिट दुसऱ्या खरेदीतून जातात. त्यांवरील ५०० रुपये मात्र अल्पकालीन नफा असून त्यावर २० टक्के दर लागतो. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आहे, पण असा वर्षभराचा एकूण नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर कर लागत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी त्यातून घेतलेल्या युनिटवरील नफा करपात्रच असतो.

सरासरी किंमत (५३.३३ रुपये) धरली असती तर नफा सुमारे ४,१६७ रुपये दिसला असता. त्याहून मोठी अडचण अशी, की सरासरीला खरेदीची तारीखच नसल्यामुळे त्यातला अल्पकालीन भाग किती, हे सांगताच येत नाही.

डीमॅट खात्यातील रोख्यांसाठी ही पद्धत १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ४५(२ए) मध्ये सांगितली असून, ती प्रत्येक खात्याला स्वतंत्रपणे लावावी असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९८च्या परिपत्रक क्रमांक ७६८ मध्ये स्पष्ट केले आहे. डीमॅटबाहेरच्या युनिटांसाठी फंडांच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या निबंधक संस्था त्यांच्या नफा-विवरणात फोलिओनिहाय, म्हणजे फंडाकडील प्रत्येक खात्यानुसार, जुळणी करतात. त्यामुळे वरील बागायतदाराची त्याच योजनेची याहून जुनी युनिट दुसऱ्या फोलिओत असली, तरी पहिल्या फोलिओतील विक्रीत ती मोजली जात नाहीत. एका योजनेतून दुसरीत केलेले 'स्विच' हीदेखील विक्रीच असल्याने तिथेही हीच जुळणी होते.

स्वतः हिशेब मांडताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे मागील वर्षी विकलेली युनिट वजा न करता पुन्हा पहिल्या खरेदीपासून सुरुवात करणे. अशा हिशेबातील शिल्लक युनिट फोलिओच्या शिलकेपेक्षा जास्त भरतात, त्यावरून ती पकडता येते. मात्र संख्या जुळूनही चुकीची खरेदी वजा झालेली असू शकते. म्हणून शिल्लक युनिटांची किंमतही पाहावी लागते. वरील उदाहरणात विक्रीनंतरची ५० युनिट ६० रुपयांचीच, म्हणजे ३,००० रुपयांची, उरली पाहिजेत, आणि पुढची विक्री याच युनिटांपासून मोजली जाईल.